पहिल्याच मेलमध्ये अर्धा तास?

नमस्कार. आमची छोटी कंपनी शीतगृहांसाठी तापमानाची नोंद ठेवणारी यंत्रणा बनवते. सेन्सर बसवतो, दर पाच मिनिटांनी नोंद होते, तापमान हद्दीबाहेर गेलं की फोन वाजतो. औषधं साठवणाऱ्या गोदामांच्या प्रमुखांना मी सहा आठवड्यांत ९६ कोल्ड ईमेल पाठवले. शेवटची ओळ सगळ्यांत तीच: 'मंगळवारी किंवा बुधवारी ३० मिनिटांची मीटिंग ठेवू या का? सोयीची वेळ खालच्या लिंकवर निवडा.' एकही मीटिंग ठरली नाही. ओपन रेट मात्र साठ टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे मेल वाचला जातोय. सहकारी म्हणते, मीटिंग नको मागूस, साधा प्रश्न विचार. साहेब म्हणतात, 'आपण काय सर्वेक्षण करतोय का? मीटिंग मागितलीच नाही तर मिळणार कशी?' मला दोघांचंही पटतं. शेवटच्या ओळीत नेमकं काय लिहू?

— दोन्हीकडून पटलेली

सहकारिणीचं ऐका. पण साहेबांचा प्रश्न उडवून लावू नका. 'साधा प्रश्न विचार' एवढ्यावरच थांबलात तर त्यांचंच म्हणणं खरं होईल: उत्तरं येतील, मीटिंग येणार नाही. तेव्हा प्रश्न कोणता विचारायचा आणि उत्तर आल्यावर काय करायचं, या दोन्ही गोष्टी पहिला मेल पाठवण्याआधीच ठरलेल्या हव्यात.

त्याआधी तो ओपन रेट बाजूला ठेवा. मेलमध्ये लपवलेलं एक बारीक चित्र उघडलं की 'ओपन' मोजला जातो. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये जी गोपनीयतेची सोय आणली, तिच्यात हे चित्र वाचणाऱ्याने मेल उघडण्याआधीच मागच्या मागे उतरवून घेतलं जातं. त्यामुळे न वाचलेला मेलही वाचलेला दिसतो. लिंकवरच्या क्लिकचंही तसंच. बऱ्याच कंपन्यांची सुरक्षा यंत्रणा आलेली प्रत्येक लिंक आधी स्वतः तपासून बघते. खात्रीने मोजता येते ती एकच गोष्ट, माणसाने टाइप केलेलं उत्तर.

आता मेल घेणाऱ्याच्या जागी उभ्या राहा. गोदामाचा प्रमुख सकाळी पावणेदहाला धक्क्यावर उभा आहे. एका हातात फोन, समोर गाडी लागलेली, माल उतरवणारे ओरडतायत. तुमचा मेल त्याने वरवर वाचला, विषय अगदीच परका वाटला नाही. मग ती शेवटची ओळ आली. तिने त्याच्याकडून काय काय मागितलं ते बघा. अनोळखी माणसासाठी अर्धा तास देण्याइतकं हे महत्त्वाचं आहे का, हे ठरवायचं. मंगळवार-बुधवार मोकळे आहेत का ते बघायचं. तापमानाचा विषय म्हणजे गुणवत्ता विभागाच्या प्रमुखालाही बसवावं लागेल, त्याला विचारायचं. लिंक उघडायची, वेळ निवडायची, नाव आणि ईमेल भरायचं. शिवाय त्याला अनुभवाने माहीत असतं की ३० मिनिटांचा डेमो पाऊण तास चालतो आणि त्यानंतर महिनाभर फोन येत राहतात. तो अर्धा तास कधीच अर्ध्या तासाचा नसतो.

एवढं करून त्याला नको असेल, तर 'नको' लिहायलाही जोर लागतो. मीटिंगला नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं, आणि त्यावर 'मग पुढच्या आठवड्यात?' असं उत्तर येणार हेही ठाऊक असतं. हो महाग, नाही त्याहून अवघड. मग सगळ्यात स्वस्त पर्याय उरतो तो गप्प बसण्याचा. तुमच्या ९६ पैकी पुष्कळांनी नकार दिलाच नसेल. 'बघू नंतर' म्हणून फोन खिशात टाकला आणि तो 'नंतर' उगवला नाही, एवढंच.

म्हणून शेवटची ओळ लिहिताना मी एकच गोष्ट तपासतो: उत्तर देणं हे गप्प बसण्याइतकंच सोपं आहे का? मीटिंगची मागणी या कसोटीवर पहिल्या मेलमध्ये जवळजवळ कधीच टिकत नाही. पण प्रश्न विचारला म्हणजे आपोआप टिकला असंही नाही. मी स्वतः या फंदात बरेच महिने घालवलेत, तेव्हा कोणते प्रश्न बुडतात ते आधी सांगतो.

'साठा खराब होऊ नये असं तुम्हाला वाटतं ना?' याला प्रश्न म्हणत नाहीत. उत्तर एकच आहे आणि ते दिलं की पुढे विक्रीचं भाषण सुरू होणार, हे वाचणाऱ्याला लांबूनच कळतं. 'तापमानाच्या नोंदीबद्दल तुमचं काय मत आहे?' याला उत्तर द्यायचं तर निबंध लिहावा लागेल. धक्क्यावर उभं राहून कोणी निबंध लिहीत नाही. 'गेल्या वर्षी तापमानामुळे किती माल बाद झाला?' हा प्रश्न तुमच्या दृष्टीने सोन्यासारखा, पण त्याच्यासाठी फाइल काढावी लागते, आणि तो आकडा बाहेरच्या माणसाला सांगायचा नसतो. 'रात्री दोन वाजता कक्ष ८ अंशांच्या वर गेला तर तुम्हाला कळतं का?' यावर तर मी एकेकाळी खूश असायचो. वाचणाऱ्याचं लक्ष वेधतो खरा. पण खरं उत्तर 'नाही' असेल, तर तुम्ही त्या माणसाकडून आपल्या कामातल्या उणिवेची कबुली लेखी मागताय, तीही अनोळखी माणसापुढे. तो अस्वस्थ होईल, कदाचित त्या रात्री झोपणारही नाही, पण तुम्हाला उत्तर लिहिणार नाही.

आणखी एक प्रश्न फार लाडका आहे: 'माहितीपत्रक पाठवू का?' याला उत्तरं येतात, म्हणूनच तो फसवा. एका कंपनीत असताना आम्ही हीच ओळ वापरायचो. 'हो, पाठवा' अशी उत्तरं भराभर यायची आणि आम्ही तक्त्यावर हिरव्या खुणा करत सुटायचो. माहितीपत्रक गेलं की शांतता. फार उशिरा लक्षात आलं की 'पाठवा' हा दारातल्या विक्रेत्याला वाटेला लावण्याचा सभ्य प्रकार आहे. त्या 'हो'मधून त्या माणसाबद्दल आम्हाला काडीचीही माहिती मिळालेली नसायची, त्यामुळे पुढच्या मेलमध्ये लिहायला 'बघितलंत का?' यापलीकडे काही नसायचं.

मग चालणारा प्रश्न कसा असतो? उभ्याउभ्या, एका अंगठ्याने, आठवणीतून, कोणाला न विचारता, दहाबारा शब्दांत उत्तर देता आलं पाहिजे आणि कुठलंही उत्तर दिलं तरी मान खाली जाता कामा नये. हे झालं त्याच्या बाजूचं. तुमच्या बाजूची अट एकच, पण तीच लोक विसरतात: वेगवेगळ्या उत्तरांवर तुम्ही खरोखर वेगळं काही करणार असलात, तरच तो प्रश्न विचारा. उत्तर काहीही आलं तरी तुमचा दुसरा मेल तोच असेल, तर साहेब म्हणतात तसं ते सर्वेक्षणच.

तुमच्या धंद्यात असा प्रश्न समोरच पडलाय. २ ते ८ अंशांत ठेवायची औषधं असली की तापमानाची नोंद ठेवावी लागतेच. फक्त ती तीन तऱ्हांनी होते. कुठे माणूस ठरलेल्या वेळी तापमापक बघून वहीत लिहितो. कुठे डेटा लॉगर असतो, तो नोंद करत राहतो आणि कोणीतरी नंतर संगणकाला जोडून ती उतरवून घेतं. कुठे सगळं जोडलेलं असतं आणि अलार्म तिथल्या तिथे वाजतो. तिन्ही पद्धती प्रत्यक्षात वापरात आहेत, सांगायला लाज वाटावी अशी एकही नाही, आणि आपल्याकडे कोणती आहे हे गोदामाच्या प्रमुखाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तुमच्यासाठी मात्र ही तीन उत्तरं म्हणजे तीन वेगळे ग्राहक आहेत. वहीवाल्याला आधी नोंदीचा त्रास दिसतो, लॉगरवाल्याला उशिरा कळण्याचा, आणि अलार्मवाल्याला बहुधा तुमची गरजच नसते.

मी तुमच्या जागी असतो तर मेल असा लिहिला असता:

विषय: रात्रीची तापमान नोंद

नमस्कार,

२ ते ८ अंशांच्या साठ्यासाठी तुम्ही नवा कक्ष सुरू केल्याचं तुमच्या वेबसाइटवर वाचलं.

अशा कक्षावर दिवसा लक्ष राहतं, पण रात्री आणि सुट्टीच्या दिवशी दोन नोंदींच्या मध्ये बराच वेळ जातो. आम्ही त्या मधल्या वेळेसाठी सेन्सर आणि फोनवर येणारा अलार्म बनवतो.

तुमच्याकडे रात्रीची नोंद सध्या कशी होते: वहीत, नंतर उतरवून घ्यायच्या लॉगरमध्ये, की थेट अलार्मवर?

खाली तुमचं नाव आणि कंपनीचं नाव. बस.

यात दोनतीन गोष्टी मुद्दाम केल्यात. पर्याय वाक्यातच दिलेत, त्यामुळे 'लॉगर' एवढा एक शब्द लिहून पाठवला तरी उत्तर पूर्ण होतं. प्रश्न शेवटी आणि वेगळ्या ओळीत आहे. चाळणाऱ्याची नजर तिथेच जाऊन थांबते. तुम्ही काय विकता ते प्रश्नाच्या आधीच उघड सांगितलंय. हे फार जपा. अभ्यासासाठी माहिती गोळा करतोय असं भासवून प्रश्न विचारला आणि उत्तर मिळाल्यावर माल पुढे केला, तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

आणि कॅलेंडरची लिंक काढलीय. मला माहितीये, हात शिवशिवेल. 'प्रश्नही विचारू आणि खाली बारीक अक्षरांत लिंकही ठेवू, कोणाला हवी असेल तर' असं वाटेल. नका ठेवू, सहीखालीसुद्धा नको. दोन मागण्या असल्या की वाचणारा आधी कोणती करायची हे ठरवत बसतो, आणि लिंक दिसली की तुमचा प्रश्न त्याला मीटिंगच्या सापळ्यातला दाणा वाटतो. एका मेलमध्ये एकच मागणी. अनोळखी माणसाने आपल्याच मागणीसाठी समोरच्याला आपल्या कॅलेंडरवर पाठवणं हे मला तसंही थोडं उद्धटपणाचं वाटतं, पण हे माझं वैयक्तिक मत झालं.

आता साहेबांकडे वळू. मीटिंग मागायची आहेच, फक्त दुसऱ्या मेलमध्ये. समजा दुपारी उत्तर आलं: 'लॉगर आहे. सोमवारी डेटा काढतो.' बघा, पाच शब्दांत त्याने किती सांगितलं. इथे बहुतेक जण घाई करतात: 'उत्तराबद्दल धन्यवाद! मग कधी भेटू या?' असं लिहिलं की तो प्रश्न नुसता निमित्त होता हे उघड होतं. आधी त्याच्या उत्तराचं काहीतरी करा. त्याच दिवशी, चार ओळींत:

'म्हणजे शनिवारी रात्री कक्ष ८ अंशांच्या वर गेला तर ते सोमवारी समजतं, आणि तोवर माल बाहेरही पडलेला असू शकतो. तुमचा लॉगर नोंदीसाठी तसाच ठेवून आम्ही फक्त अलार्मचा भाग जोडू शकतो. कक्षाचा साधा नकाशा समोर असेल तर सेन्सर किती आणि कुठे लागतील हे १५ मिनिटांत सांगता येईल. गुरुवारी ११ किंवा शुक्रवारी ४, यातली कुठली वेळ जमेल?'

अर्थात लॉगर तसाच ठेवणं तुमच्या यंत्रणेत खरोखर जमत असेल तरच हे लिहा. बाकी मागणी तीच आहे, मीटिंगची. पण पहिल्या मेलमध्ये मीटिंग कशासाठी, तर तुमचा डेमो बघण्यासाठी होती. इथे ती त्याच्या कक्षासाठी आहे. तिला विषय आहे, शेवट आहे, आणि तिच्यातून तो हातात काहीतरी घेऊन उठणार आहे, पुढे तुमच्याकडून विकत घेवो न घेवो. वेळही निम्मी झालीय. आणि दोन नेमक्या वेळा इथे उपयोगी पडतात, कारण भेटायचं की नाही हे त्याचं अर्धं ठरलंय. पहिल्या मेलमध्ये त्याच दोन वेळा आगाऊ वाटतात. लिंक द्यायचीच असेल तर ती याच्याही पुढे द्या, 'या दोन्ही वेळा नाही जमणार' असं उत्तर आल्यावर.

छोट्या मागणीनंतर मोठी मागणी मान्य होण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रात जुनं आहे. १९६६ मध्ये फ्रीडमन आणि फ्रेझर या दोघांनी कॅलिफोर्नियात एक प्रयोग केला. गृहिणींना फोन करून घरात वापरल्या जाणाऱ्या साबणांबद्दल आठ साधे प्रश्न विचारले. तीन दिवसांनी पुन्हा फोन करून मागणी केली ती भलतीच: आमची पाचसहा माणसं तुमच्या घरी येऊन दोन तास कपाटं उघडून सगळ्या वस्तूंची यादी करतील, चालेल का? ज्यांना थेट हीच मागणी केली होती त्यांच्यापैकी २२ टक्के हो म्हणाल्या. ज्यांनी आधी आठ प्रश्नांची उत्तरं दिली होती त्यांच्यापैकी ५३ टक्के.

साहेबांना हे सांगायला हरकत नाही, पण २२ आणि ५३ हे आकडे मेलला चिकटवू नका. तो फोन होता, समोर बोलणारा माणूस होता, आणि नंतरच्या अनेक प्रयोगांत हा परिणाम बहुधा याहून लहान निघाला आहे. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त उपयोगी वाटते: दोन्ही मागण्या एकाच विषयावरच्या होत्या, साबणापासून घरातल्या वस्तूंपर्यंत. तुम्ही पहिल्या मेलमध्ये गोदामात किती माणसं आहेत असं काहीतरी विचारलंत आणि दुसऱ्यात तापमानावर मीटिंग मागितली, तर त्या पायरीवरून वर चढताच येत नाही.

साहेब थोडे वाचलेले असतील तर उलटा दाखलाही देतील: आधी मोठं मागा, नाही म्हटलं की लहानावर या. तोही प्रयोग आहे, चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा, १९७५ चा, आणि तोही चालला होता. पण त्यात समोरच्याने तोंडावर नकार दिला होता आणि त्याच माणसाने तिथल्या तिथे मागणी कमी केली होती. 'हा एक पाऊल मागे आला, आता मीही येतो' अशी भावना त्यातून होते. मेलमध्ये नकार येतच नाही, येते ती शांतता. पाच दिवसांनी तुम्ही लहान मागणी घेऊन गेलात तर तो पहिला मेल विसरलेला असतो. तुम्ही मागे आलात हे त्याला दिसतच नाही.

थेट मीटिंग मागणं कधी योग्य? त्याने स्वतःहून विचारणा केली असेल तर प्रश्नांचे खेळ करू नका, वेळ द्या आणि मोकळे व्हा. ओळखीच्या माणसाने दोघांना एकाच मेलमध्ये जोडून दिलं असेल, किंवा जुना ग्राहक असेल, तरीही तेच. तिथे आडून प्रश्न विचारत राहिलात तर उलट वेळकाढूपणा वाटतो. आणि एक अपवाद वरच्या खुर्चीचा. कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला रात्रीची नोंद वहीत होते की लॉगरमध्ये, हे माहीत असण्याची शक्यता कमी. त्याला तो प्रश्न कठीण आहे, सोपा नाही. तिथे 'हे काम तुमच्याकडे कोण बघतं?' एवढंच विचारा. एक नाव मिळालं तरी मेल सार्थकी लागला.

उत्तर आलं नाही तर चार-पाच कामाचे दिवस थांबून त्याच धाग्यात एकच मेल आणखी पाठवा. 'माझा मेल वर आणतेय' हे वाक्य नको. त्यात वाचणाऱ्यासाठी काहीच नसतं. तोच प्रश्न पुन्हा न विचारता त्याहूनही हलका विचारा: 'तापमान नोंदीचं काम तुमच्याकडे येतं की गुणवत्ता विभागाकडे?' पहिल्या प्रश्नाला गप्प बसलेले काही जण इथे एका शब्दात उत्तर देतात, आणि कित्येकदा गप्प बसण्याचं खरं कारण तेच निघतं, माणूसच चुकीचा होता. त्यानंतरही शांतता असेल तर तिथे थांबा.

आता तुमचे ते ९६. शून्य मीटिंग बघून तुम्ही खचलेल्या दिसता, पण थोडा हिशेब करा. समजा तुमचा तो जुना मेल दर ५० मागे एक मीटिंग मिळवण्याच्या लायकीचा आहे. तरीही ९६ मेलमध्ये एकही न मिळण्याची शक्यता साधारण सातात एक असते. म्हणजे जुनी ओळ वाईट आहे असं मला वाटतं ते वर सांगितलेल्या कारणांमुळे, तुमच्या शून्यामुळे नाही. त्या शून्यातून एवढंच म्हणता येतं की खरा दर शंभरात तीनाहून फार जास्त नसावा.

हे सांगण्याचं कारण असं की पुढच्या यादीवर तुम्ही आणि साहेब दोघं मिळून तुलना करणार असाल, तर तिथेही हीच गंमत होणार. करायची असेल तर अशी करा: २०० नावं घ्या आणि आळीपाळीने एकाला जुनी शेवटची ओळ, एकाला नवी, अशी वाटून टाका. बाकीचा मेल अक्षरशः तोच ठेवा, विषयसुद्धा. नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. आणि मोजायचं काय, तर प्रत्यक्ष झालेल्या मीटिंगा, शेवटचा मेल गेल्यापासून चार आठवड्यांत. नुसती उत्तरं मोजलीत तर प्रश्न जिंकणारच, आणि तो विजय खोटा असेल. सोप्या प्रश्नाला 'आम्हाला गरज नाही' हे उत्तरही सोपंच असतं.

समजा शेवटी असं चित्र दिसलं: प्रश्नाच्या बाजूला ९ उत्तरं आणि ३ मीटिंगा, मीटिंगच्या बाजूला ३ उत्तरं आणि २ मीटिंगा. साहेब म्हणतील, फरक एकाचा. त्यांचं बरोबर आहे, शंभरात ३ आणि २ हा निव्वळ नशिबाचा फरक असू शकतो, त्यावरून काही ठरवू नका. एका बाजूला २ आणि दुसऱ्या बाजूला १० असं काही झालं तरच मी त्यावर विश्वास ठेवीन. पण त्या बाकीच्या ६ उत्तरांकडे त्यांना बघायला लावा. त्यात कोणी लिहिलं असेल, 'आत्ताच नवी यंत्रणा बसवली.' कोणी लिहिलं असेल, 'हे गुणवत्ता विभाग बघतो.' कोणी, 'वहीच आहे, पुढच्या वर्षी बघू.' मीटिंगच्या मागणीला ही माणसं गप्प बसली असती आणि तुमच्या यादीत नुसती कोरी नावं म्हणून पडून राहिली असती. 'पुढच्या वर्षी बघू'वाल्याला कधी लिहायचं हे आता तुम्हाला माहीत आहे. तो मेल कोल्ड राहिलेला नाही.

जुन्या ९६ जणांना हा नवा प्रश्न लगेच पाठवू नका. आधी मीटिंग, आता चौकशी, असं दोन आठवड्यांच्या आत दिसलं तर यंत्रातून सुटलेले मेल वाटतात. दोन-तीन महिने जाऊ द्या आणि नव्या कारणाने, नव्या धाग्यात लिहा.

आणि काही जणांकडून उत्तर येईल: 'थेट अलार्म आहे, व्यवस्थित चाललंय.' तुमचा हात लगेच 'पण आमच्याकडे आणखी एक सोय आहे' कडे जाईल. आवरा. आभार मानून त्याच दिवशी दोन ओळींत मेल संपवा आणि यादीत त्या नावापुढे 'अलार्म आहे' एवढं लिहून ठेवा.